शैलाआत्याच्या भाऊबीजेचा फोन: तिघांतला कुठला?

सुजाता: मंडळी, हा ग्रुप भाऊबीजेपुरताच आहे. आत्या यात नाही, चुकूनही कुणी तिला ॲड करू नका. बाबा आणि काका मिळून तिला फोन घेतायत, साडेसतरा हजारांच्या आत. चाळून चाळून तीन उरलेत: सॅमसंग ए१६ ५जी, रेडमी नोट १४ ५जी आणि मोटो जी८५. कुठला घ्यायचा? रविवारपर्यंत सांगा.

मंदार: मोटो. यात चर्चा कसली? कडेला वळलेली स्क्रीन आहे, हातात धरला की तीस हजारांचा वाटतो. तिघांत वजनाला हलकाही तोच. आत्याला भिशीत दाखवायला तरी बरा.

श्रीकांतकाका: २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी उतरलाय ना? मग फोन स्वस्त व्हायला हवेत. दुकानदार जुना भाव सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

नीलेश: काका, तो टीव्ही आणि एसीवरचा उतरला, २८ वरून १८ वर. मोबाइलवर आधीही १८ होता, आताही १८च. दुकानदाराशी त्यावरून भांडू नका, हरू.

मी काल तपकीर गल्लीत जाऊन तिन्ही हाताळून आलो. मोटो मला बाद वाटतो. आत्या फोन कसा धरते आठवा: डावा तळवा पाठीमागून पूर्ण गुंडाळलेला आणि उजव्या हाताची तर्जनी. तसा धरून बघितला. अंगठ्याखालचा मांसल भाग वळलेल्या काचेवर टेकतो, मग कधी मेसेज सरकतो, कधी भलतंच उघडतं. शिवाय दुकानातली ट्यूब त्या कडेवर चमकत होती आणि ओळीतलं पहिलं अक्षर त्या चमकेत जात होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला चमक किती टोचते ते अनघाला विचारा.

मंदार: कव्हर घातलं की तळवा लागत नाही. आणि चुकून लागलेला स्पर्श फोन ओळखतो, दुर्लक्ष करतो.

नीलेश: बऱ्याचदा ओळखतो, नेहमी नाही. गार्डचंही बघ. सपाट स्क्रीनला साधी काच दोन मिनिटांत चिकटते. वळलेल्या स्क्रीनला ती कडेला उचलली जाते. मग गोंद ओतून निळ्या दिव्याखाली सुकवायची काच लागते, आणि गोंद स्पीकरच्या जाळीत गेला तर आवाजाची वाट. आत्या वर्षाला दोन गार्ड फोडते.

माधुरीकाकू: अरे ते स्क्रीनचं बघून घ्या हं नीट. माझ्या फोनला अपडेटनंतर हिरवी रेघ आली, वरपासून खालपर्यंत. पडला नाही, भिजला नाही. वॉरंटी संपून महिना झाला होता. दुरुस्तीचे सांगितले नऊ हजार! तेव्हापासून मी रेघेच्या डावीकडचंच वाचते. एलसीडीवाला घ्या.

नीलेश: काकू, तुमचं दुःख खरं आहे, पण तिन्ही ॲमोलेड जातीचेच आहेत, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. आत्याला उन्हात गच्चीवर वाचायचं असतं, एलसीडी तिथे फिका पडतो.

सुजाता: मग राहिले दोन. रेडमी की सॅमसंग? दुकानातले भाव टाक ना.

नीलेश: मला सांगितलेले: सॅमसंग ८-१२८ जीबी १५,४९९. रेडमी ६-१२८ जीबी १६,४९९.

श्रीकांतकाका: मग सॅमसंग. हजार रुपये वाचले, वर रॅमही जास्त. झालं.

नीलेश: थांबा काका. सॅमसंगच्या खोक्यात चार्जर येत नाही, नुसती वायर येते. आणि त्या वायरीची दोन्ही टोकं सी. आत्याच्या जुन्या चार्जरला चौकोनी भोक आहे, ती वायर त्यात जाणारच नाही. जुन्या चार्जरला दुसरी वायर लावली तर चार्ज होईल, पण सकाळी लावला तर दुपार. पंचवीस वॅटचा चार्जर ११९९ म्हणाला. मग बेरीज १६,६९८. रेडमीच्या खोक्यात पंचेचाळीस वॅटचा चार्जर आहे.

श्रीकांतकाका: म्हणजे रेडमी दोनशेने स्वस्त. आधी सांगायचं ना रे.

अनघा: आईसाठी एक मुद्दा कुणी काढलाच नाही. ती दुपारी वायरचा इअरफोन लावून नाट्यगीतं ऐकते. रेडमीला गोल भोक आहे का?

नीलेश: आहे. सॅमसंगला नाही, मोटोलाही नाही.

मंदार: कन्व्हर्टर मिळतो की, शंभर रुपयांत.

नीलेश: शंभराचा सॅमसंगवर बहुतेक मुका राहील. त्यात नुसत्या तारा असतात, आवाज फोननेच बनवून द्यावा लागतो आणि हा फोन तो सी पोर्टमधून तसा देत नाही. आत बारीक चिप असलेला घ्यावा लागतो, मला सहाशेचा दाखवला. तोही लावला की चार्जिंगचं भोक अडलं, म्हणजे ऐकताना चार्जिंग नाही. सगळं धरून १७,२९८.

अनघा: मग सरळ रेडमी घ्या. आठशे वाचतात आणि तिची सवय मोडत नाही.

नीलेश: इथेच माझं मत वेगळं आहे, अनघाताई. आत्या फोन किती वर्षं वापरते? आत्ताचा २०१८चा आहे. बँकेचं ॲप त्यावर चालेना म्हणून तर ही सगळी धावपळ. रेडमीला सुरक्षेचे अपडेट चार वर्षं, सॅमसंगला सहा. आणि ही वर्षं आपण विकत घेतल्यापासून नाही, फोन बाजारात आल्यापासून मोजायची. सॅमसंग आला ऑक्टोबर २०२४ला, म्हणजे २०३० पर्यंत. रेडमी डिसेंबर २०२४ला, म्हणजे २०२८. मोटोला तीनच वर्षं, तीही जुलै २०२४पासून. अपडेट थांबले की दुसऱ्या दिवशी बँक बंद पडते असं नाही, पण घसरण तिथून सुरू होते. तीन वर्षांनी आपण पुन्हा याच ग्रुपवर असू.

माधुरीकाकू: अपडेटनंतरच तर माझी रेघ आली.

अनघा: मुद्दा कळतो. पण २०३०चं सुख कुणी बघितलंय? उद्या दुपारी गाणं लागलं नाही तर ती फोन कपाटात ठेवून देईल. सहाशेचा तो तुकडा तिच्या पर्समध्ये आठवडाभर टिकणार नाही.

मंदार: ब्लूटूथ द्या ना.

अनघा: दिलं होतं. एक कानातलं पूजेच्या तबकात सापडलं, दुसरं अजून नाही.

श्रीकांतकाका: रेडमीत जाहिराती येतात म्हणतात, ते खरं का? ती काहीही दिसलं की दाबते.

नीलेश: आधीच भरलेली ॲप्स बरीच असतात आणि सूचनांतून काहीबाही सुचवत राहतात. बंद करता येतं. पहिल्या दिवशी अर्धा तास बसावं लागेल. सॅमसंगमध्येही थोडं करावंच लागतं.

बाबा: वाचतोय सगळं. मोटो गेला, यावर मंदार सोडून सगळ्यांचं एकमत दिसतंय.

मंदार: निषेध नोंदवा.

बाबा: नोंदवला. शैला वायरवर खरंच किती ऐकते ते आधी कळू दे. अनघा, तिला न कळता बघ.

अनघा: आत्ताच बघून आले. इअरफोनचा एक कान बंद पडलाय. मागचे चार महिने ती उजव्याच कानाने ऐकतेय, आणि वीज गेली की शेजारणीचा रेडिओ.

नीलेश: मग वायरची सवय तशी मोडलेलीच की.

अनघा: मोडली नाही, अर्धी उरलीय. मी अजूनही रेडमीच म्हणेन.

बाबा: उद्या मी नीलेशबरोबर गल्लीत जातो. तिचा इअरफोन खिशात घेऊन. तो सहाशेचा तुकडा सॅमसंगला लावून गाणं वाजलं आणि दुकानदाराने तो पाचशेला दिला, तर सॅमसंग. नाहीतर रेडमी.

सुजाता: बाबा, इअरफोन तिच्या उशाखालून काढणार कसा?

बाबा: ते अनघाने बघायचं.