मदत हवी आहे: हे लांबलचक शब्द कुठे तोडायचे?

घाईत_मी: दोन शब्दांपाशी अडकलोय, डिक्शनरीत मिळत नाहीत. वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग आणि क्राफ्टफारत्सोयगहाफ्टप्फ्लिख्टफरझिशेरुंग. तोडून अर्थ लावला तर दुसऱ्यात चक्क 'कैद' निघते! संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

कोथरूडकर: जर्मन ना? मग तसं लिहा की. कागद कसला आहे आणि भाषांतर कुणासाठी?

घाईत_मी: हो, जर्मनच. भावाचे कागद, आईबाबांना मराठीत हवेत. पहिला नगरपालिकेत नोंदणीला दिलेला, दुसरा गाडीचा.

शब्दवेडा: सोपंय. मध्ये 'स' दिसला की तिथे तोडायचं. वोनुंग म्हणजे घर, पुढे गेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे 'घराबाबत देणाऱ्याची पुष्टी'. आपला तत्पुरुषच!

मावशी_श्टुटगार्ट: 'स' सांधा दाखवतो, पण मोठा सांधा तोच असेल असं नाही. इथे तो वोनुंग आणि गेबर यांच्यात आहे आणि ते दोन्ही मिळून एकच शब्द, 'राहायला जागा देणारा'. खरी चीर गेबरच्या पुढे पडते, आणि तिथे 'स' नाहीच. म्हणून शेवटून सुरू करा. बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टी. मग उरलेला पुढचा भाग अखंड डिक्शनरीत शोधा. सापडला तर आणखी फोडू नका.

दुसऱ्यात शेवटी फरझिशेरुंग, म्हणजे विमा. क्राफ्टफारत्सोयग म्हणजे मोटार वाहन. मधला हाफ्टप्फ्लिख्ट अखंड शोधा, 'नुकसानभरपाईची जबाबदारी' मिळेल. तुम्ही तो फोडलात म्हणून कैद आली. सुटा हाफ्ट म्हणजे कैद खरी, पण इथला हाफ्ट 'जबाबदार असणे' या क्रियापदातला. आपल्याकडचा थर्ड पार्टी विमा म्हणा.

घाईत_मी: वा! मग पहिला 'घरमालकाचा दाखला' लिहितो.

मावशी_श्टुटगार्ट: थांबा. भाऊ कुणाकडे राहतो?

घाईत_मी: मित्राकडे, एका खोलीत. फ्लॅट मित्राने भाड्याने घेतलाय. ते कशाला?

मावशी_श्टुटगार्ट: मग भाऊ पोटभाडेकरू आणि सही मित्राची असणार. जागा देणारा मालकच असेल असं नाही. तो मालक नसेल तर मालकाचं नाव वेगळं लिहावं लागतं, नोंदणी कायद्याचं कलम १९ बघा. 'घरमालक' लिहिलंत तर आईबाबांना वाटेल फ्लॅट मित्राचाच.

कोथरूडकर: पण 'जागा देणाऱ्याचे पुष्टिपत्र' वाचून त्यांना काय कळणार? 'घरमालकाचा दाखला' लिहा आणि खाली टीप द्या.

मावशी_श्टुटगार्ट: टीप कोण वाचतं?

नवा_बर्लिन: मला त्याच नोंदणीची अपॉइंटमेंट मिळत नाहीये! दोन आठवड्यांत करायची असते ना? भाडेकरार दाखवला तर चालेल का?

मावशी_श्टुटगार्ट: करार चालत नाही, हाच कागद लागतो. अपॉइंटमेंटसाठी वेगळा धागा काढा.

शब्दवेडा: तरी 'स'चा नियम बऱ्याचदा चालतो हं.

घाईत_मी: 'राहण्यासाठी जागा दिल्याचे पुष्टिपत्र' असं लिहून पाठवतोय. त्यात मालक येतच नाही.