पर्चेसवाला गेला की डील पण जाते
"आमचं सगळं बोलणं ज्या पर्चेस मॅनेजरशी होतं तो सोडून गेला, नवीन साहेब फोनच उचलत नाहीत. आता काय?"

आता त्या शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरला गाठा, पर्चेसचा नाद सोडा थोडे दिवस. माझं अंबडला असंच झालेलं, कटिंग इन्सर्टची ट्रायल चालू आणि आमचा पर्चेसमधला माणूस नोटीस पिरियडवर. नशीब की ट्रायलच्या वेळी मी मशीनपाशी ऑपरेटरसोबत उभा होतो, आधीचा इन्सर्ट एका एजला १८० पीस द्यायचा, आमचा २४० वर गेला, आणि ते रिपोर्टवर लिहून प्रॉडक्शन आणि क्वालिटी दोघांची सही घेतलेली, मेल पण दोघांना. नव्या साहेबांनी रेट जास्त म्हणून फाईल बाजूला टाकली तेव्हा प्रॉडक्शनवालेच जाऊन म्हणाले, पर पीस कॉस्ट बघा ना साहेब. पीओ दीड महिना उशिरा आली, पण आली.

फक्त एक, पुढच्या वेळी हे आपल्या पर्चेसवाल्याच्या पाठीमागून करू नका, डिवचला जातो तो. "ट्रायलला क्वालिटीचं कोण बघेल?" असं त्यालाच विचारायचं, तोच ओळख करून देतो. आणि प्लँट हेडची सही लागते का हे पण त्याच्याकडूनच काढून घ्यायचं, तो खुर्चीत आहे तोवर.