वेळ आधी यूटीसी करून ठेवायची, की आली तशीच?

पिंपळगावकर: द्राक्षांच्या कंटेनरच्या वेळा न्हावा शेवा, जेबेल अली आणि रॉटरडॅमच्या पानांवरून स्क्रेप करतोय. तिन्हीकडे तिथली घड्याळाची वेळ दिसते, झोन कुठेच लिहिलेला नाही. डेटाबेसमध्ये टाकतानाच यूटीसी करावी का?

गंगापूर रोड: डोक्याला ताप कशाला? सगळं भारतीय वेळेत करा. आपलं घड्याळ मागेपुढे होत नाही आणि व्यापारीही तीच वेळ विचारतो. जेबेल अलीला दीड तास मिळवा, रॉटरडॅमला साडेतीन.

सातपूरकर: साडेतीन उन्हाळ्यातले. जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन द्राक्षाच्या हंगामात, साडेचार लागतात. भारतीय वेळ चालेल, तीही हलत नाही. पण आकडा हाताने मिळवू नका, झोनचं नाव द्या. आणि रूपांतर करून परत उलटं करून बघा:

```python
t = datetime(2025, 3, 30, 2, 30,
             tzinfo=ZoneInfo("Europe/Amsterdam"))
u = t.astimezone(timezone.utc)   # 01:30
u.astimezone(t.tzinfo)           # 03:30
```

अडीच टाकले, साडेतीन परत आले. त्या रात्री तिथे दोनवरून थेट तीन वाजले, अडीच वाजलेच नाहीत. पायथन मात्र चूक दाखवत नाही, मुकाट्याने पुढे जातो.

देवळालीची: माझ्या एक्सेलमध्ये तर 03/04 चं 04/03 होतं, तेही यामुळेच का?

सातपूरकर: नाही ताई, तो तारखेच्या मांडणीचा घोळ. पण तो आधी सोडवा, नाहीतर झोन कितीही बरोबर लावला तरी दिवसच चुकतो.

सिडकोवाला: मी यूटीसी करून मूळ मजकूर फेकून दिला होता. `pytz` चा झोन थेट `tzinfo=` ला दिल्यामुळे भारताचा फरक 5:30 ऐवजी 5:53 लागत होता, सगळं 23 मिनिटं आधीचं. मध्येच कोड दुरुस्त केला आणि मग जुन्या कोडच्या ओळी कोणत्या, हेच कळेना. म्हणून माझं मत: आधी आलं तसंच ठेवा, यूटीसी नंतर.

सातपूरकर: दोन्ही ठेवा. यूटीसीचा रकाना, शेजारी मूळ मजकूर, झोनचं नाव आणि स्क्रेप केल्याची वेळ.

पिंपळगावकर: स्क्रेपची वेळ कशाला?

सातपूरकर: 26 ऑक्टोबर 2025 ला रॉटरडॅममध्ये अडीच दोनदा वाजले: एकदा 00:30 यूटीसीला, पुन्हा 01:30 ला. "02:30 ला उतरला" ही नोंद तुम्ही 00:45 यूटीसीला उचलली असेल तर ती पहिलीच. पण 01:30 नंतर उचलली असेल, तर सांगता येत नाही. तिथे शंकेची खूण करा, अंदाज ठोकू नका.

पिंपळगावकर: आणि पुढच्या महिन्याची अपेक्षित वेळ?

सिडकोवाला: ती तर यूटीसीत अडकवूच नका. घड्याळ बदलणं बंद करावं असं युरोपीय संसदेने 2019 मध्येच मत दिलंय, अजून झालं नाही. उद्या झालं तर साठवलेली वेळ तासाने घसरेल.

सातपूरकर: तेव्हाचं तेव्हा. मूळ असेल तर पुन्हा काढता येते.

गंगापूर रोड: चार रकाने! मी आपला भारतीय वेळेवरच. साडेचारचं मात्र आजच बघतो, फेब्रुवारीच्या नोंदी तासभर आधीच्या पडल्यात.