मदत हवी आहे: जोडीने समुपदेशनाला जावं का?

लग्नाला सहा वर्षं झाली. नवऱ्याने कधी हात उचलला नाही, म्हणून याला छळ म्हणायचं हेच मला कळत नव्हतं. फोन तो तपासतो, पगार त्याच्या ताब्यात, बहिणीशी बोलले की दोन दिवस अबोला. आणि सतत एकच, "मी असं बोललोच नाही, तुला काहीही आठवतं." आता साधा साबण घेतानाही मला त्याला विचारावंसं वाटतं.

महिन्याभरापासून मी एकटी समुपदेशकाकडे जाते. 'सोडून का देत नाही' असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "तुम्ही नाही म्हटलंत तर घरी काय होतं?" मला बराच वेळ उत्तरच देता येईना. मग त्यांनी घडलेली गोष्ट त्याच दिवशी, त्याची बाजू ऐकण्याआधी लिहायला सांगितली. वही ऑफिसात ठेवते. परवा तो म्हणाला, बहिणीकडे जायला मी हो म्हटलंच नव्हतं. वहीत त्याचेच शब्द होते, "शनिवारी जा." मी तिथेच रडले.

आता तो म्हणतो, दोघं मिळून जाऊ. समुपदेशक सध्या नको म्हणतात. त्याच्यासमोर मला मोकळं बोलता येणार नाही, बोलले तर घरी त्याचा जाब द्यावा लागेल, आणि त्याचं नियंत्रण 'दोघांचं भांडण' ठरेल. पटतं, तरी मीच संसार मोडतेय असं वाटत राहतं.

अशा परिस्थितीत कोणी जोडीने गेलं होतं का? घरी आल्यावर काय झालं? आणि वही किंवा समुपदेशकाचं मत उघड न करता त्याला नकार कसा देऊ?