हेजिमनी: वर्चस्व, धुरीणत्व की आणखी काही?

समासातली_रेघ
जाहिरातींवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'हेजिमनी' पानोपानी येतो. मी 'वर्चस्व' लिहिलं. संपादकांनी समासात शेरा मारला, "वर्चस्व म्हटलं की दंडुका डोळ्यांसमोर येतो. इथे कुणी कुणाला मारत नाहीये." त्यांनी 'धुरीणत्व' सुचवलं. बहिणीला वाचून दाखवलं, तर तिला फक्त 'समाजधुरीण' आठवलं आणि लेख पुढाऱ्यांवर आहे असं वाटलं. अडलेलं वाक्य असं: गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात 'गोरं ते चांगलं' असं कुठेच सांगत नाही, ते आधीच ठरलंय असं धरून पुढे जाते. याला काय म्हणाल?

जोखड
धुरीणत्वच. मूळ 'धुर्', म्हणजे जू. ते खांद्यावर घेऊन ओढतो तो धुरीण. ग्रीक 'हेगेमोन'ही पुढे चालणारा, वाट दाखवणारा. मुसोलिनीच्या तुरुंगात वह्या लिहिणाऱ्या इटालियन विचारवंत ग्राम्शीला नेमकं हेच म्हणायचं होतं: मागचे लोक आपण होऊन मागे येतात. दंडुका असतोच, पण तो न येणाऱ्यांसाठी. 'वर्चस्वा'त ही संमती ऐकू येत नाही.

नाक्यावरचा
एवढं कशाला? सरळ 'मक्तेदारी' म्हणा. आमच्या दुकानात आजही लोक कुठलीही टूथपेस्ट 'कोलगेट' म्हणून मागतात. हीच हेजिमनी.

जोखड
नाही. ते एका कंपनीचं नाव रुळणं झालं. उद्या दुसरी पेस्ट आली तर ती घेतीलही. पण दात पांढरेशुभ्रच हवेत, हे कुठून आलं असं कुणी विचारत नाही. तुमच्या उदाहरणात हेजिमनी असलीच तर तिथे आहे.

तिन्हीसांजा
मला शब्दाचं माहीत नाही, माझं सांगते. मला पाहायला आले तेव्हा मावशीने ओळख करून दिली, "रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस." मावशीचा जीव होता माझ्यावर, ती माझी बाजूच मांडत होती. त्या 'पण'चा राग यायला मला वीस वर्षं लागली. तोवर मीही मुलीबद्दल तसंच बोलत होते.

समासातली_रेघ
ताई, हा 'पण' मी अनुवादाच्या टिपेत घेऊ का? माझं वाक्य तोच सांगतोय.

जोखड
जरूर घ्या. आता जाहिरात बघा. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ सालचं. या शतकाच्या सुरुवातीला त्याची एक जाहिरात लागायची: घरात पैसा नाही, बापाला वाटतं मुलगा हवा होता. मुलगी क्रीम लावते, हवाईसुंदरी होते, आईबापांना सुख देते. यात मुलीने कमवावं, बापाचा आधार व्हावं ही इच्छा खरी आहे, आपल्यातलीच आहे. म्हणून जाहिरात मनाला लागते, आणि त्याच घासाबरोबर गोरेपणही गिळलं जातं. नुसतं फसवणं असतं तर इतकी वर्षं चाललं नसतं. जनवादी महिला संघटनेने तक्रारी केल्या, २००३ मध्ये ती बंद झाली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं आणि 'ग्लो' आलं. विरोधाला थोडं द्यायचं आणि जागा राखायची, हाही त्याच गोष्टीचा भाग.

काळी_आई
पण मग सगळेच मुकाट मानतात असं म्हणू नका. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. विठोबा सावळा आहे म्हणूनच गोड वाटतो. 'उजळ माथ्याने' आणि 'तोंड काळं केलं' या भाषेतच ही 'काळी आई'ही आहे.

जोखड
मान्य. लोकांच्या रोजच्या समजुतीत परस्परांना छेद देणाऱ्या गोष्टी शेजारीशेजारी नांदतात, हे ग्राम्शीनेच लिहिलंय. अडचण एवढीच की विठोबाला कुणी पाहायला येत नाही.

तिन्हीसांजा
हे मात्र खरं.

शुद्धपाठ
कुणी 'वर्चस्' पाहिलं का? वर्चस् म्हणजे तेज, कांती. 'वर्चस्व' त्यातूनच आला. म्हणजे क्रीम जे विकतं तेच या शब्दाच्या पोटात आहे! या एका लेखापुरता तरी 'वर्चस्व' ठेवा. धुरीणत्व दोन-चार प्राध्यापकांपलीकडे कुणाला कळतं?

जोखड
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण आज 'वर्चस्व' वाचताना कांती कुणाला आठवते? शब्द आज जे बोलतो ते घ्यावं.

शुद्धपाठ
मग 'धुरीण' वाचून जू तरी कुणाला आठवतं?

नाक्यावरचा
'हेजिमनी'च लिहा. टेबल चालतं, तर हे का नको?

शुद्धपाठ
टेबल रोज समोर असतं. ही वस्तू कुणाला दिसतच नाही, म्हणून तर तिला आपला शब्द हवा.

समासातली_रेघ
सध्या 'संमतीचं वर्चस्व' लिहून ठेवलंय. संपादकांचं उत्तर यायचंय. तिन्हीसांजाताई, मावशीच्या तोंडी 'नीटस' होतं की 'निटस'? टीप छापायला जाईल.

तिन्हीसांजा
ती 'नीटस' म्हणायची, नी लांबवून. मुलगी 'पण' गाळून म्हणते, "सावळी, नाकीडोळी नीटस."