‘आहेर’ लिहावं की ‘भेट’?

प्रश्नकर्ता: जुन्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीचं लग्न साताऱ्यात आहे. मी नागपूरला, त्याच आठवड्यात बायकोची प्रसूतीची तारीख. भेट पाठवायची आहे, पण पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलंय. मी लिहिलं: ‘मी लग्नाला येऊ शकत नाही. आहेर कुरिअरने पाठवत आहे, स्वीकारावा.’ खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही.

सदाशिव: आहेर म्हणजे कपडेच. साडी, शेला, टोपी. तुमची वस्तू दुसरी काही असेल तर ‘भेट’ म्हणा, प्रश्न मिटला.

जुनी वही: कपडे हा आहेरातला मोठा भाग खरा, पण पाचशे एकाचं पाकीटही आहेरच. आमच्या आईकडे आहेराची वही होती. कोणी काय दिलं ते त्यात टिपलेलं असायचं, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की ती उघडायची. आहेर परत करावा लागतो, म्हणून तर लोक ‘आणू नये’ छापतात. तुम्ही तोच शब्द वापरलात की त्यांची विनंती मोडल्यासारखी होते. ‘भेट’मध्ये ते ओझं कमी आहे.

दुसरं, ‘मी येऊ शकत नाही’मध्ये ‘मी’ पुढे येऊन नकार देतो. ‘येणं जमणार नाही’ म्हटलं की नकार परिस्थितीवर जातो. कारण एका वाक्यात सांगा. लांबलं की सबब वाटते.

कोल्हापूरकर: मी भाच्याच्या लग्नात फोनवरून पैसे पाठवले, शेऱ्यात ‘आहेर’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेवढेच पैसे परत! ताई अजून त्यावरून चिडवते.

मीनल: आम्हालाही आहेर नकोच आहे. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ छापलं तर चालेल ना?

जुनी वही: मीनल, तो यजमानांचा प्रश्न, इथे पाहुणा विचारतोय. पण चालेल. फक्त न येणाऱ्याला ते वाक्य जरा बोचतं.

प्रश्नकर्त्यासाठी माझा मसुदा:

‘सा. न. साहेब, पत्रिका मिळाली, फार आनंद झाला. घरी प्रसूतीची तारीख त्याच आठवड्यात असल्याने येणं जमणार नाही, याची रुखरुख आहे. वधूवरांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. दोघांसाठी फूल ना फुलाची पाकळी पाठवतो आहे, गोड मानून घ्यावी. नागपूरला आले की जोडीने आमच्याकडे जेवायला यावं.’

‘दोघांसाठी’ महत्त्वाचं. भेट साहेबांना नाही, मुलांना.

सदाशिव: आणि ‘शुभाशीर्वाद’ का नको?

जुनी वही: प्रश्नकर्ता वधूपेक्षा बराच मोठा असेल तर चालेल. बरोबरीचा असेल तर शुभेच्छाच.

प्रश्नकर्ता: पाच-सहा वर्षांनी मोठा. शुभेच्छाच ठेवतो. पण चांदीचं निरांजन पाठवतोय, त्याला ‘पाकळी’ म्हणणं खोटं नम्रपण नाही का?

जुनी वही: देणाऱ्याने आपल्या वस्तूला लहान म्हणायचं, अशीच ती रीत आहे.

कोल्हापूरकर: मला तर चांदीला पाकळी म्हटलेलं मिरवल्यासारखं वाटतं. ‘छोटीशी भेट’ बरं.

मीनल: दोन्ही नको. जेवायला येतील तेव्हाच हातात द्या, पत्रात लिहायलाच नको.