सोमच्या एपिसोडमधली ती खंदकातली उडी: खरी का नाटक?

रणगाडा_पुसद:
काल रात्री लाईन होती म्हणून पहिल्या महायुद्धाच्या मालिकेतला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईचा एपिसोड पूर्ण पायला. १ जुलै १९१६, इंग्रज सैनिक खंदकातून वर चढून राहिले, एक गोळी लागून मागं घसरून राहिला, सगळं डोळ्यासमोर. निवेदक म्हणते एका दिवसात साठ हजार ठार. पुस्तकवाल्यांनी आता तोंड बंद ठेवावं, कॅमेरा खोटं बोलत नाही. कोणाले पटत नसन त्यानं सिद्ध करावं.

मास्तर_दिग्रस:
तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, त्यामुळे पुस्तकवाल्यांवर आलं की मला राहवत नाही. ऐक भाऊ. ती उडी त्या दिवशीची नाहीच. तो तुकडा 'द बॅटल ऑफ द सोम' या १९१६च्याच मूक फिल्ममधला आहे, मॅलिन्स आणि मॅकडॉवेल अशा दोन कॅमेरावाल्यांनी काढलेली. आघाडीच्या मागे उखळी तोफांचं ट्रेनिंग चालायचं तिथल्या खंदकात तो प्रसंग पोरांकडून करून घेतला असं लंडनच्या इंपिरियल वॉर म्युझियमच्या लोकांनी फिल्म तपासून ठरवलंय.

तू स्वतः पाहा. खंदक उथळ आहे. काटेरी तार बुटका माणूस टांग टाकून जाईल एवढीच. पाठीवर पिशव्या नाहीत, आणि त्या दिवशी खऱ्या हल्ल्यात माणसामागे सुमारे ३० किलो ओझं होतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा उघड्यावर उभा आहे. समोरून मशीनगन चालू असती तर तिपाईवर लाकडी डबा ठेवून हँडल फिरवणारा माणूस पहिला गेला असता ना? आणि 'मेलेला' एक जण नंतर पाय नीट करून घेतो, तो थांबवून थांबवून पाहा.

आता साठ हजार. इंग्रजांचा त्या दिवसाचा आकडा ५७,४७० आहे, पण तो मेलेले, जखमी, बेपत्ता, कैदी सगळे धरून. मेलेले १९,२४०. हिंदीत डब करणाऱ्याने 'हताहत'चं 'ठार' केलं असणार. हत आणि आहत, दोन शब्द आहेत त्यात, कोणी फोडून पाहतच नाही.

भरतीवाला_पोट्टा:
मंजे पहिल्या महायुद्धाची सगळीच फिल्म खोटी नं? मले आधीच डाऊट होता, माणसं कशी टुकूटुकू पळतात, असं कोणी चालते का कधी.

मास्तर_दिग्रस:
नाही रे बाबा, इकडून तिकडे उडी नको मारू. टुकूटुकू चालण्याचा नाटकाशी संबंध नाही. तेव्हा हाताने हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रं घ्यायचे, नंतर ती २४च्या वेगाने दाखवली की माणूस पळणारच. बीबीसीने १९६४मध्ये 'द ग्रेट वॉर' ही २६ भागांची मालिका केली तेव्हा मधली चित्रं दोनदा छापून चाल सुधारली होती. आणि त्या तासाभराहून मोठ्या फिल्ममध्ये करून घेतलेला भाग अगदी थोडा आहे. हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग सकाळी ७:२०ला उडतो, हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी, तो अस्सल आहे. खोलगट वाटेत बसून कॅमेऱ्याकडे पाहणारी लँकेशायर फ्युजिलियर्स या इंग्रज पलटणीची पोरंही अस्सल. खरा हल्ला दिसतो तो लांबून, माणसं मुंग्यांएवढी.

आवाज मात्र सगळा नंतरचा. तेव्हा फिल्मला आवाजच नव्हता, त्यामुळे तोफेचा धडाम ऐकून अंगावर काटा आला असेल तर तो स्टुडिओवाल्याचा काटा आहे.

फौजी_काका_कामठी:
हे सगळं ठीक आहे. पण आपले लोक कुठं आहेत त्या एपिसोडमधे? आपले हजारो जवान सोमवर पहिल्या दिवशी खंदकातून निघाले अन् ह्या मालिकांत त्यांचं नाव नाही. सव्वीस वर्षं नोकरी केली मी, हे पाहून डोकं फिरते.

मास्तर_दिग्रस:
काका, तुमचा राग बरोबर, तारीख चुकली. हिंदी पायदळ १९१५ संपता संपता फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवलं होतं. घोडदळ मात्र फ्रान्सलाच राहिलं. १४ जुलैला सोमवरच हाय वुड या रानाजवळ डेक्कन हॉर्स या आपल्या रेजिमेंटने भाले घेऊन हल्ला केला. ती तक्रार करा, मी सही करतो.

फौजी_काका_कामठी:
तेच तर म्हणलो मी. दोन हप्त्याचा फरक. मास्तर लोकांना फक्त चूक काढता येते.

कपाशी_राळेगाव:
माझा एक प्रश्न आहे, रागावू नका. करून घेतलं म्हणजे खोटंच होते का?

दुष्काळाच्या साली एका वाहिनीची गाडी आमच्या गावात आली होती. माझ्या सासऱ्यांना म्हणाले, बाबाजी, विहिरीच्या काठावर डोक्याला हात लावून बसा. बाबाजी म्हणाले मी असा कधी बसत नाही जी. तरी बसवलं, चार वेळा. धुऱ्यावरची तुऱ्हाटी उचलून विहिरीजवळ आणून टाकली, मागचं हिरवं दिसू नये म्हणून. टीव्हीवर आलं तेव्हा दुःखाची पेटी वाजत होती अन् एक माणूस भारी आवाजात बोलत होता. बाबाजी उठून बाहेर निघून गेले. पण विहीर कोरडी होती हे खरं होतं. कर्जही खरं होतं. मग ते नाटक होतं का खरं होतं हे मले आजही सांगता येत नाही.

रणगाडा_पुसद:
बरोब्बर ताई!! तेच म्हणून राहिलो मी. सैनिक खरेच होते, मेलेही खरेच. मास्तर उगाच कीस काढून राहिले.

मास्तर_दिग्रस:
कीस?! ताईंच्या सासऱ्यांना चार वेळा बसवलं हे ताईंना माहीत आहे म्हणून त्या विचार करू शकतात, तुला तर सांगितलंच नाही कोणी, तिथेच फसवणूक होते. १९६४च्या मालिकेवरून म्युझियमचे प्रमुख नोबल फ्रँकलंड यांचं बीबीसीशी हेच वाजलं होतं, करून घेतलेले तुकडे न सांगता खऱ्यात मिसळले म्हणून.

धुऱ्यावरचा_दगड:
शेतकऱ्याच्या व्हिडिओचं बोला आधी. आमच्या गावच्या पोरालेही रिकाम्या डब्यातून फवारणी करायला लावली होती, तोंडाले रुमाल न बांधता. मग खाली लोकांनी त्यालेच अडाणी म्हणलं.

भरतीवाला_पोट्टा:
आमच्याकडंही जून लागायच्या आधी पेरणी करायला लावली होती, कोरड्या ढेकळात, काका लाजेनं मरत होते.

कपाशी_राळेगाव:
त्यांनी पैसे दिले का हो तुमच्याकडे? आमच्याकडे चहाही आम्हीच पाजला.

धुऱ्यावरचा_दगड:
पैसे कायचे. नाव पण चुकीचं लिहिलं.

फौजी_काका_कामठी:
धागा युद्धाचा आहे का कपाशीचा?

कपाशी_राळेगाव:
काका, तुम्ही घोडे घेऊन आलात तेव्हा कोणी काही म्हणलं का.

रणगाडा_पुसद:
बरं बसलो परत पाहाले, आता कोणाची ऐकायची नाही म्हणून आवाज बंद करून. तारेजवळ पडलेला एक जण हलते, मले वाटते पायच हलवला त्यानं, तीनदा मागं नेलं तरी हलतेच. झालं समाधान मास्तर? आकड्याचंही मानतो घ्या, १९,२४०. पण पुढच्या तुकड्यात एका सैनिकाच्या बंदुकीचा बोल्ट डावीकडं दिसून राहिला, तेही करून घेतलेलं का?

मास्तर_दिग्रस:
नाही, ते उलटं छापलं असेल. ली-एनफिल्डचा बोल्ट उजवीकडेच असतो. संकलन करणाऱ्याला एक फौज कायम एकाच दिशेला जाताना दाखवायची असते, मग आरशासारखा फिरवतो तुकडा. कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा. कितव्या मिनिटाला आहे?

रणगाडा_पुसद:
लाईन गेली. उद्या सांगतो.